फिलिप्पैकरांस ४:१३ - बेडीत लिहिलेलं वचन

प्रश्न: "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो, हे वचन धाकट्या भावाने टेबलासमोर चिकटवून तलाठी भरतीचा अभ्यास केला. उपास-प्रार्थना केली. तिसऱ्यांदाही यादीत नाव नाही. आता तो चर्चला येत नाही. वचन खोटं की त्याचा विश्वास कमी पडला?"

दोन्ही नाही. भावाने टेबलासमोर लावलं ते पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या एका बोलण्याचं शेवटचं टोक होतं. ते बोलणं दहाव्या वचनापासून सुरू होतं, आणि तिथून वाचलं की परीक्षेत पास होण्याचा शब्द त्यात कुणी कुणाला दिलेलाच नाही, हे कळतं.

पौल हे लिहितो तेव्हा तो कैदेत आहे. बहुतेक जण ही कैद रोममधली, इ.स. ६० ते ६२ च्या सुमाराची मानतात. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया म्हणतात. जागा कुठलीही असो, पहिल्याच अध्यायात तो आपल्या बेड्यांबद्दल बोलतो, आणि सुटका होईल की मरण येईल हे त्याला ठाऊक नाही. त्या काळी कोठडी ही मुख्यतः निकालाची वाट बघण्याची जागा असे. कैद्याचं जेवण, पांघरूण, पैसा हे बरंचसं बाहेरच्या माणसांवर अवलंबून असे. कुणी आणून दिलं तर मिळायचं.

फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला अशी मदत पाठवली. या कामात तो माणूस आजारी पडून मरता मरता वाचला, हे दुसऱ्या अध्यायात आहे. चौथ्या अध्यायाचा हा भाग म्हणजे त्या मदतीची पोच आहे. अठराव्या वचनात "सर्व काही मिळालं" असं म्हणताना पौल जो ग्रीक शब्द वापरतो, तो त्या काळच्या पावत्यांवर, रक्कम पूर्ण पोचली हे सांगायला लिहीत असत. आपण "भरून पावलो" म्हणतो, तसा.

त्या पोचपावतीत तो म्हणतो: मला कमी पडलं म्हणून मी हे बोलत नाही. असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. हलाखीत कसं राहायचं ते मला माहीत आहे, भरपूर असताना कसं राहायचं तेही माहीत आहे. भरल्या पोटी आणि उपाशी, सुबत्तेत आणि टंचाईत, प्रत्येक गोष्टीत आणि सर्व गोष्टींत. आणि लगेच पुढे तुमचं वचन.

आता मूळ शब्द बघा. ग्रीकमध्ये ते "पांता इस्खुओ" असं आहे. "पांता" म्हणजे सर्व. "इस्खुओ" म्हणजे माझ्यात बळ आहे, मी तग धरतो. "करणे" हे क्रियापद तिथे वेगळं नाहीच. भाषांतरात वाक्य पुरं व्हावं म्हणून ते येतं. आणि "सर्व" म्हणजे कुठलं सर्व, ते त्याने एकच वचन आधी सांगून ठेवलंय: भूक, पोटभर जेवण, टंचाई, सुबत्ता. मला विचाराल तर आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे, पुरून उरणे. मला बळ देणारा आहे, म्हणून या सगळ्याला मी पुरून उरतो.

यातली "भरल्या पोटी" ही बाजू आपण वाचतच नाही, आणि मला ती जास्त अवघड वाटते. आमच्या घरचं सांगतो. आम्ही शिरपूर तालुक्यातले, दोन एकर केळी. एका जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी वादळ आलं आणि कापणीला पंधरा-वीस दिवस राहिलेली बाग अर्ध्या तासात आडवी झाली. सकाळी अण्णा बांधावर उभे होते. खोडं मधोमध मोडलेली, घड चिखलात, केळी अजून कोवळी, त्यामुळे व्यापारी हात लावणार नाही. "आते काय करानं?" एवढंच ते म्हणाले. तेव्हा आम्ही तगलो. उधारीवर किराणा आला, काकांनी बियाण्याला पैसे दिले, रोज रात्री सगळे एकत्र प्रार्थनेला बसायचे. दोन वर्षांनी भाव चांगला लागला, आणि त्याच घरात अण्णा आणि काका हिशेबावरून सहा महिने बोलले नाहीत. प्रार्थनेला बसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. टंचाईला आम्ही पुरून उरलो होतो, भरल्या घराला नाही. तेव्हापासून "शिकलोय" हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. पौल हे समाधान जन्मतः मिळालं म्हणत नाही, बाप्तिस्म्याबरोबर मिळालं असंही म्हणत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने भूक, थंडी, फटके, तीनदा फुटलेलं जहाज यांची यादी दिलीय. शिकणं त्यातून झालं.

"समाधानी" यासाठी त्याने घेतलेला शब्द "आउतार्केस" हा स्तोइक तत्त्ववेत्त्यांच्या आवडीचा. ज्याला बाहेरून कुणाचीच गरज नाही, जो स्वतःला पुरेसा आहे, असा माणूस. पौल शब्द त्यांचाच उचलतो, पण दोनच वचनांत सांगतो की हे बळ माझं नाही, देणारा वेगळा आहे. आणि त्याच्या पुढचं, चौदावं वचन कृपा करून भावाला वाचून दाखवा: "तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत." सर्वाला पुरून उरणारा माणूस पुढच्याच वाक्यात दुसऱ्याने आणलेल्या मदतीबद्दल बोलतो. त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. समाधान म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणं नाही. याच फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी "गुपचूप जा" असा निरोप आला, तेव्हा तो म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. ते आलेही. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. त्यामुळे भावाला उत्तरतालिकेत चूक दिसत असेल तर त्याने मुदतीत हरकत जरूर घ्यावी. चौथ्यांदा बसायचं की दुसरं काही धरायचं, हे वय, पैसा आणि आतापर्यंतचे गुण बघून घरात बसून ठरवा. हे वचन तो निकाल सांगत नाही.

"तुझा विश्वास कमी पडला" असं मंडळीत कुणी त्याला म्हणालं असेल, तर ते चुकीचं होतं, आणि हे तुम्ही त्याला स्पष्ट सांगा. पौल कैदेत होता तो विश्वास कमी पडला म्हणून नव्हे. रविवारी या म्हणून त्याला लगेच आग्रह करू नका. एपफ्रदीत पौलाकडे गेला होता, पौलाने त्याच्याकडे यायचं नव्हतं. तुम्हीच त्याच्या खोलीत जा, चहा घेऊन, आणि भिंतीवरचा कागद त्याने काढला नसेल तर त्याच्या वर अकरा आणि बारा, खाली चौदा एवढी वचनं दोघं मिळून लिहा.