‘झिगझॅग’ला नागमोडी म्हणावे का?

प्रश्न: दोन चलांच्या फलाचे न्यूनतम मूल्य ‘स्टीपेस्ट डिसेंट’ने काढण्यावर मराठीत टिपण लिहीत आहे. त्यातल्या ‘झिगझॅग’ला ‘नागमोडी’ आणि ‘बॅकट्रॅकिंग’ला ‘माघार’ म्हटले तर चालेल का?

उत्तर: माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. त्याचे कारण शब्दकोशात सापडत नाही. त्यासाठी एक उदाहरण हाताने सोडवावे लागते.

f(x, y) = x² + 10y² हे फल घेऊ. याच्या समोच्च रेषा x-अक्षाच्या दिशेने ताणलेली लंबवर्तुळे आहेत, म्हणजे आकार एका लांबट, अरुंद घळीचा आहे आणि तळ (०, ०) येथे आहे. ग्रेडियंट (2x, 20y) असल्यामुळे t लांबीचे पाऊल टाकल्यावर x ला (1 − 2t) ने आणि y ला (1 − 20t) ने गुणले जाते. (१०, १) पासून निघू. तेथे मूल्य ११० आहे आणि ग्रेडियंट (२०, २०).

प्रथम t = 1 धरून पाहिले, तर मूल्य ३७१० होते. निम्मे केल्यावर ८१०, पुन्हा निम्मे केल्यावर १८५, आणि t = 1/8 ला (७.५, −१.५) या बिंदूवर ७८.७५. उताराच्या हिशेबाने जेवढी घट अपेक्षित असते, तिचा निदान दहावा हिस्सा तरी पदरात पडावा, अशी अट (आर्मिहो यांनी १९६६ साली मांडलेल्या धर्तीची) आपण घातली आहे. येथे १० ची घट पुरेशी होती, ३१.२५ मिळाली, म्हणून हे पाऊल मान्य होते.

या सगळ्या खटाटोपात आपण (१०, १) वरून हललो कधी? फक्त शेवटी, एकदाच. नाकारलेल्या तीन ठिकाणी आपण गेलोच नव्हतो, तेथील मूल्य तेवढे तपासले. ‘माघार’ म्हटले की गेलेला माणूस परत येतो, आणि वाचक बिंदू मागे सरकल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. येथे घडते ते पाऊल आखडते घेणे. म्हणून मी या पद्धतीला ‘पाऊल आखडत घेतलेला रेषाशोध’ म्हणेन. नाव लांब आहे, पण खरे आहे.

आता ‘नागमोडी’. (७.५, −१.५) पासून t = 1/8 चालत नाही, कारण मूल्य ८२.२७ म्हणजे होते त्याहून अधिक येते; t = 1/16 ने आपण (६.५६, ०.३७५) वर पोहोचतो. तेथून मात्र t = 1/4 मान्य होते आणि बिंदू (३.२८, −१.५) वर जातो: y चा आकार चौपट वाढला, तरी x मधली घट मोठी असल्याने एकूण मूल्य ४४.४७ वरून ३३.२७ वर आले. y चे चिन्ह पाहा: अधिक, उणे, अधिक, उणे. x मात्र १०, ७.५, ६.५६, ३.२८ असा एकाच बाजूने तळाकडे येतो. असे का? t चे मूल्य 1/20 पेक्षा मोठे झाले की (1 − 20t) ऋण होतो आणि आपण घळीचा तळ ओलांडून समोरच्या भिंतीवर जातो. आणि t त्याहून लहान ठेवले, तर x एका पावलात दहावा हिस्सासुद्धा कमी होत नाही. y च्या दिशेची वक्रता x च्या दहापट आहे आणि पाऊल दोघांना एकच आहे, अडचण सगळी त्यात आहे. जागेवरचा सर्वांत तीव्र उतार समोरच्या भिंतीकडे बोट दाखवतो, तळाकडे नाही.

हा मार्ग सरळ रेषाखंडांचा आणि टोकदार कोनांचा आहे. नागाची चाल गोलाईची असते, घाटरस्त्याचे वळणही गोलाईचे, म्हणून ‘नागमोडी’ येथे बसत नाही. काही जण ‘काटकोनी’ सुचवतात. प्रत्येक वेळी रेषेवरचे नेमके न्यूनतम काढले, तर पुढची दिशा मागच्या दिशेला लंब येते, तेव्हा तो शब्द अचूक आहे. पण पाऊल आखडते घेताना तसे होत नाही. वरच्या पहिल्या दोन दिशा (−२०, −२०) आणि (−१५, ३०) आहेत आणि त्यांच्यातील कोन सुमारे १०८ अंश भरतो.

मला पटलेला शब्द ‘करवती’ आहे. विदर्भातल्या करवतकाठी लुगड्याच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आणि हा मार्ग कागदावर काढला की तसाच दिसतो, फक्त दात लहानमोठे असतात. x² + y² या फलाला मात्र हे विशेषण लावू नका: तेथे समोच्च रेषा वर्तुळे आहेत, पहिली दिशाच तळाकडे जाते आणि t = 1/2 ला काम एका पावलात संपते. आपल्या फलातही √10·y ला नवे चल मानले की नेमके हेच घडते.