एप्रिलमध्ये घेतलेल्या सेल्स ट्रेनीला सहा महिने झाले. राजापूर-देवगड पट्ट्यात बिस्किट-साबणाचं काम आहे. कायम करायचं की नाही, कसं ठरवू?

एकूण विक्री बघू नका, त्याने स्वतः उघडलेल्या दुकानांपैकी किती दुकानांनी दुसरी-तिसरी ऑर्डर दिली ते बघा. या लाईनवर मी बरीच वर्षं ट्रेनी हाताळतोय. पहिली ऑर्डर दुकानदार भिडेखातर देतो, दुसरी माल खपल्यावरच. दर महिन्याचा हा आकडा वेगळा मांडलात की पोरगा शिकतोय का ते दिसतं. उदाहरणार्थ, मे महिन्यात १० नवी दुकानं आणि परत ऑर्डर ३, सप्टेंबरमध्ये नवी ६ आणि परत ऑर्डर ५ असेल, तर विक्री थोडी कमी असूनही तो सुधारलाय.

मग एक दिवस आयत्या वेळी त्याच्याबरोबर लाईनवर जा आणि स्वतः गप्प राहा. दुकानात शिरल्यावर तो आधी फळीवरचा शिल्लक माल मोजतो की थेट 'काका, काय पाठवू?' विचारतो? दुकानदार त्याला नावाने हाक मारतो का? व्हिजिट रिपोर्टमध्ये रोज सगळं हिरवंगार असेल तर मला शंका येते. 'जुना माल बदलून दिला नाही म्हणून ऑर्डर नाही' असं लिहिणारा पोरगा मी ठेवून घेईन.

फक्त गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस हिशोबातून वगळा. चाकरमानी आले की कुणाचाही माल उठतो. आणि जून-जुलैची तुलना त्याच लाईनच्या गेल्या वर्षीच्या जून-जुलैशीच करा. तेव्हा मासेमारी बंद असते, बंदराकडच्या दुकानांत उधारी वाढते.