परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय रजेवर निघू नका

प्रश्न : मी सोलापूरचा, दुबईत एसी टेक्निशियन आहे. १४ महिने झाले. वर्षातून एकदा जाण्यायेण्याचं तिकीट कंपनी देणार असं लिहून मिळालंय. गड्ड्याच्या यात्रेला घरी यायचंय. एचआर तोंडी म्हणतो, रजा घे, तिकिटाचं नंतर बघू. अर्ज कसा करू?

उत्तर :

भाऊ, 'नंतर बघू' यावर विसंबून निघू नका. मी अकरा वर्षं शारजात काढली, आणि एकदा याच शब्दावर घरी आलो होतो. कंपनीनं फक्त येण्याचं तिकीट दिलं आणि परतीचं ईमेलवर पाठवतो म्हणाले. रजेचे शेवटचे चार दिवस मी घरच्या ओट्यावर फोन घेऊन बसून होतो. शेवटी बायकोच्या भिशीचे पैसे उचलून मुंबई-शारजा तिकीट मीच काढलं. ते पैसे कधीच मिळाले नाहीत, कारण दाखवायला माझ्याकडे एक ओळही लेखी नव्हती.

आधी तुमचा हक्क नेमका कशावर उभा आहे ते बघा. यूएईच्या कामगार कायद्यानं एक वर्ष पूर्ण झालं की वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते. दरवर्षीचं तिकीट मात्र कायद्यात नाही. कायद्यातलं तिकीट नोकरी संपवून कायमचं घरी जाताना, तेही काही अटींवर. म्हणजे तुमचं तिकीट सगळं त्या लिहून मिळालेल्या वाक्यावर आहे. ते वाक्य शोधा. बऱ्याचदा यूएईच्या कामगार मंत्रालयात, म्हणजे MOHRE मध्ये, नोंदलेल्या लेबर कॉन्ट्रॅक्टमध्ये तिकिटाचा उल्लेख नसतो, तो ऑफर लेटरमध्ये किंवा कंपनीच्या जोडपत्रात असतो. सहीचा तो कागद नसेल तर मागून घ्या आणि फोटो काढून घरीही पाठवून ठेवा.

वाक्य शब्द न शब्द वाचा. 'दर वर्षी' आहे की 'दर दोन वर्षांनी'? दोन वर्षं लिहिलं असेल तर एचआरचं म्हणणं बरोबर आहे, आत्ता रजा मिळेल पण तिकीट नाही. रकमेची मर्यादा आहे का तेही बघा. समजा '१,२०० दिरहमपर्यंत' लिहिलंय आणि जानेवारीचं तिकीट १,६५० ला पडलं, तर वरचे ४५० तुमच्या खिशातून जातील. कुठल्या विमानतळापर्यंत ते लिहिलं नसेल तर मुंबई की हैदराबाद हे तुम्हीच अर्जात सांगा. सोलापूरला दोन्हीकडून रेल्वे आहे. हैदराबाद जवळ पडतं, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडता येते.

आता अर्ज. रजा आणि तिकीट एकाच ईमेलमध्ये मागा, वेगवेगळं नाही. वेगळं मागितलं की रजा लगेच मंजूर होते आणि तिकीट लटकतं. इंग्रजीत लिहा, मजकूर साधारण असा : 'माझं पहिलं वर्ष अमुक तारखेला पूर्ण झालं. ५ जानेवारी ते ३ फेब्रुवारी अशी ३० दिवसांची वार्षिक रजा मंजूर करावी. ऑफर लेटरच्या अमुक कलमानुसार दुबई-हैदराबाद-दुबई तिकीट कंपनीनं काढावं. जाण्याची आणि परतीची तारीख या ईमेलच्या उत्तरात कळवावी.' कलमाचा फोटो जोडा. रजेचा पगार निघण्याआधी हवा असेल तर तेही याच ईमेलमध्ये लिहा. रजेच्या तारखा कंपनी कामाच्या सोयीनं तुमच्याशी बोलून ठरवू शकते आणि तिनं किमान एक महिना आधी कळवायचं असतं. म्हणून गड्ड्यासाठी ऑक्टोबरातच अर्ज द्या. तोवर भाडंही चढलेलं नसतं.

तिकीट आलं म्हणून लगेच खूश होऊ नका, फाईल उघडा. नुसता सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे जागा धरली असू शकते, पैसे भरलेले असतीलच असं नाही. १३ आकडी ई-तिकीट नंबर दिसला पाहिजे, आणि परतीचा प्रवास त्याच कागदावर हवा. विमान कंपनीच्या साईटवर पीएनआर टाकून दोन्ही प्रवास दिसतात का बघा.

कंपनी 'तू काढ, आम्ही पैसे देतो' म्हणाली तर रक्कम आणि पैसे द्यायची तारीख ईमेलवर घ्या, मगच काढा. आणि परतीचं तिकीट आलं नाही म्हणून रुसून घरी बसू नका. कारण न देता सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर नोटीस न देता काढायचा अधिकार कंपनीला मिळतो. स्वतः काढून परत या, बिल जपून ठेवा.

लेखी मागूनही नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर MOHRE च्या ॲपवरून तक्रार करता येते. ते आधी दोघांना बसवून तडजोड करायला बघतात. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, त्यामुळे एका तिकिटासाठी कोर्टात हेलपाटे घालावे लागतीलच असं नाही. तिथे पहिला कागद मागतील तो तिकिटाच्या कलमाचा, आणि दुसरा तुमच्या या ईमेलचा.