गोल डब्यावरची झेड सीम: खाचा की स्कार्फ सीम?

प्रश्न: "थ्रीडी प्रिंट केलेल्या गोल डब्यावर खालपासून वरपर्यंत एक उभी रेघ दिसते. सीमची जागा Random लावली तर सगळीकडे पुटकुळ्या येतात. काही उपाय आहे का?"

ही रेघ म्हणजेच झेड सीम. ती पूर्णपणे घालवता येत नाही, पण ती कुठे यावी हे आपल्याला ठरवता येते. प्रत्येक थरात नॉझल बाहेरची भिंत जिथून सुरू करते तिथेच येऊन थांबते, आणि थांबताना आतला दाब लगेच उतरत नसल्याने त्या जागी थोडे जास्त प्लास्टिक पडते. सीमच्या जागेसाठी `Aligned` निवडल्यास स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारे सॉफ्टवेअर, मॉडेलमध्ये कोपरा शोधतो, त्यातही आत वळलेला कोपरा त्याला अधिक पसंत असतो. गोल डब्याला कोपराच नसल्यामुळे रेघ उघड्यावर पडते.

म्हणून मी आधी आकारालाच हात घालतो. ७० मिमी व्यासाच्या आणि २ मिमी भिंतीच्या एका डब्यावर मी ०.६ मिमी खोल व १.२ मिमी रुंद अशा व्ही आकाराच्या उभ्या खाचा तळापासून काठापर्यंत दिल्या. एकच खाच चुकून राहिल्यासारखी दिसली असती, त्यामुळे समान अंतरावर २४ खाचा घेतल्या. सीम त्यांपैकी एका खाचेत बसली आणि ती कोणती, हे आता मलाही शोधावे लागते. ती खाच सोडून भरकटत असेल, तर सीम रंगवण्याच्या साधनाने खाचेचा तळ रंगवावा आणि प्रीव्ह्यूमध्ये `Seams` दाखवून खात्री करावी. आतल्या भिंतीलाही स्वतंत्र सीम असते, हे मात्र विसरू नये. माझे झाकण आत बसताना तिच्याच उंचवट्यावर अडत होते, म्हणून आतही एक बारीक खाच द्यावी लागली.

पृष्ठभाग गुळगुळीतच हवा असेल, तर स्कार्फ सीम वापरावी. सुतार दोन फळ्यांची टोके तिरकी कापून एकमेकांवर जोडतो, तसाच हा प्रकार आहे: थराची सुरुवात अगदी पातळ होऊन साधारण २० मिमी अंतरात पूर्ण उंचीला पोहोचते, आणि शेवटचा भाग त्याच उतारावर प्लास्टिक कमी करत चढतो. ऑर्का स्लायसरमध्ये `Scarf joint seam` येथे `Contour` निवडावे आणि बाहेरची भिंत सावकाश छापावी. त्याआधी नॉझलमधला दाब वेळीच सावरणारे प्रेशर अॅडव्हान्स आणि प्लास्टिकचे प्रमाण ठरवणारा फ्लो जुळवणे आवश्यक आहे, अन्यथा बारीक रेघेऐवजी वेगळ्या चमकेचा रुंद पट्टा मिळतो. तीक्ष्ण कोपऱ्यांवर मात्र साधी सीमच अधिक नेटकी दिसते. `Conditional scarf joint` चालू ठेवल्यास स्लायसर ही निवड स्वतः करतो.

यांतले काहीही करण्यापूर्वी सध्याच्या रेघेवरून नख फिरवून पाहावे. उंचवटा लागला, तर बहुधा प्रेशर अॅडव्हान्स कमी आहे किंवा फिलामेंट ओलसर आहे. खळगा लागला, तर प्रेशर अॅडव्हान्स किंवा रिट्रॅक्शन, म्हणजे फिलामेंट मागे ओढणे, जास्त झाले असावे.