मोठा केलेला फोटो आणि हरवलेला तपशील

फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला की साधारणपणे चार पिक्सेलचा सरासरी एक पिक्सेल होतो. समज, त्या चारांच्या उजेडाचे आकडे होते ४०, ६०, २०० आणि १००. सरासरी १००. आता उलटं जाऊन बघ: चारही १०० असते तरी उत्तर १००च आलं असतं. मूळचे चार कोणते होते, हे त्या एका आकड्यात उरलेलंच नाही. फोटो पुन्हा मोठा करायची बायक्युबिक ही साधी गणिती पद्धत शेजारच्या पिक्सेलांवरून मधले भरते, म्हणून फोटो मऊ दिसतो. निदान खोटं तरी बोलत नाही!

न्यूरल अपस्केलर, म्हणजे फोटो मोठा करणारा एआय प्रोग्राम, लाखो फोटो पाहून शिकलेला असतो, की अशा धूसर ठिपक्याच्या जागी बहुधा काय असतं. पापण्या, विटा, पानं तो छान रंगवतो, पण त्या 'बहुधा'च्या असतात. २०२० मध्ये पल्स नावाच्या मॉडेलला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर गोऱ्या माणसाचा चेहरा आला. लहान केला की तोही जवळपास तसाच धूसर दिसायचा, म्हणजे पुन्हा लहान करून ताडून पाहिलं तरी काहीच सिद्ध होत नाही.

तेव्हा भिंतीवर लावायला खुशाल वापर. गाडीचा नंबर वाचायचा असेल तर मात्र नको. ८ की ३, हे तो ठामपणे चुकीचं सांगू शकेल. शंका आली तर दोन वेगळ्या मॉडेलांतून काढ. जिथे ती भांडतात, तिथे नक्कीच अंदाज आहे.