चिन्ह कुठे चुकते?

“मॅडम, त्रिकोणमितीत कोणत्या चरणात काय धन असते हे लक्षात ठेवायचे ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ हे वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता येते, तरी नव्वदच्या पुढचा कोन आला की अधिक-उणे चुकतेच. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?”

अकरावीच्या या विद्यार्थिनीला स्मरणशक्तीबद्दल काही सांगण्याआधी मी तिची वही मागून घेतली, कारण चूक कुठे होते यापेक्षा कुठे होत नाही, हे मला पाहायचे होते. टॅनचे एकही उदाहरण चुकलेले नव्हते आणि तिसऱ्या चरणातली सगळी उत्तरे बरोबर होती. चुकलेली उत्तरे फक्त दुसऱ्या आणि चौथ्या चरणातली होती, आणि तीही कोन 90° किंवा 270° वरून फोडलेला असेल तिथेच. विसरभोळेपणा इतका निवडक नसतो.

मी तिला cos 120° माझ्यासमोर सोडवायला सांगितले. तिने 120° = 90° + 30° असे लिहिले, 90° असल्यामुळे कोसाइनचे साइन केले, आणि मग मनाशी म्हणाली, “दुसरे चरण, साइन धन.” उत्तर आले 1/2. सूत्र पाठ होते, चरणही बरोबर ओळखले होते. परंतु चिन्ह तिने बदलून आलेल्या साइनचे पाहिले, जे मूळच्या कोसाइनचे पाहायला हवे होते. दुसऱ्या आणि चौथ्या चरणात या दोघांची चिन्हे परस्परविरुद्ध असल्याने तिथे उत्तर उलटते. तिसऱ्या चरणात दोन्ही ऋण असतात, आणि टॅन व कॉट यांचे चिन्ह सर्वच चरणांत सारखे असते, म्हणून तिथे चुकीची रीतही बरोबर उत्तर देत राहिली व चूक लपून राहिली.

मग एकक वर्तुळ काढून 120° चा बिंदू दाखवला. कोसाइन म्हणजे त्या बिंदूचा x निर्देशक आणि साइन म्हणजे y. हा बिंदू उभ्या अक्षाच्या डावीकडे आहे, तेव्हा x ऋणच असणार. (चहाच्या कपांचे वाक्य याच चित्राचा सारांश आहे, पण चित्र न पाहता ते पाठ करवून घेण्याची पद्धत मला फारशी पटत नाही.) प्रश्नातल्या फलनाचे चिन्ह आधी लिहायचे, नाव त्यानंतर बदलायचे, एवढाच क्रम तिला ठरवून दिला: cos 120° = −sin 30° = −1/2. पडताळ्यासाठी तोच कोन 180° − 60° असा फोडला, तर नाव बदलत नाही आणि −cos 60° म्हणजे तेच −1/2 मिळते. दोन वाटांनी वेगळी चिन्हे आली, तर क्रम उलटला असे समजावे.

जाण्यापूर्वी तिने sin 300° सोडवले. 270° + 30°, चौथे चरण, साइन ऋण, म्हणून उण्याचे चिन्ह आधी लिहून मग cos 30°; उत्तर −√3/2. 360° − 60° वरूनही तेच आले, तेव्हा तिने वहीतली जुनी उत्तरे स्वतःच खोडायला घेतली.