जेल रोडवर 'लेले मोबाइल': आडनाव लावावं की नाही?

प्रश्न: धाकट्या भावाने इंदूरला जेल रोडवर दहा फुटी गाळा घेतलाय, मोबाइल रिपेअरिंग आणि अॅक्सेसरीजसाठी. आजूबाजूला सगळीकडे मोबाइल केअर, मोबाइल पॉइंट, मोबाइल वर्ल्ड. बाबा म्हणतात देवाचं नाव ठेव. मी म्हटलं, आपलं आडनाव लाव, लेले. तो म्हणतो हिंदीत ते 'ले ले' वाचतील आणि लोक हसतील. काय करावं?

उत्तर:

ताई, तुमचं बरोबर आहे. 'लेले'च ठेवा. पण तेवढं सांगून भागणार नाही, कारण नाव बरोबर निवडूनही ते बोर्डावर, नकाशात आणि बिलावर वाया गेलेलं मी पाहिलंय.

आधी भावाला घेऊन संध्याकाळी सातच्या सुमारास नॉव्हेल्टी मार्केट आणि डॉलर मार्केटच्या बाजूने एक फेरी मारा. दिसेल ते नाव वहीत दोन रकान्यांत लिहा, पहिला शब्द एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यात केअर, पॉइंट, झोन, हब, वर्ल्ड हेच पुन्हा पुन्हा येईल. पहिल्यात देवाची नावं, नाहीतर मुलांची. म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरा शब्द आठवून उपयोग नाही, कारण तो सगळ्यांचाच आहे. आणि पहिला आठवला तरी त्या नावाची आणखी दोन दुकानं सापडतात.

हे मी भोगलंय. माझ्या पहिल्या दुकानाचं नाव असंच होतं, देवाचं नाव आणि पुढे पॉइंट. दोन वर्षांत चार गाळे सोडून जवळजवळ त्याच नावाचं दुसरं दुकान आलं. एक दिवस एक बाई हातात फोन घेऊन आल्या, डिस्प्ले एका कोपऱ्यात उचकटलेला, आणि माझ्यावर चिडल्या. बिल मागितलं तर ते त्या दुसऱ्या दुकानाचं. त्या वरमल्या, पण नकाशावर माझ्या दुकानाला एक तारा आदल्या रात्रीच देऊन झाला होता. तो काढायला त्यांनाच घरी जाऊन खटपट करावी लागली. त्या माझ्याकडे आल्या म्हणून हे कळलं. असे न आलेले किती, ते कधीच कळत नाही.

आता आडनावाचं. रिपेअरिंगला दिलेल्या फोनमध्ये माणसाचे फोटो, बँक, सगळं असतं. तो फोन तो कोणाच्या तरी हातात सोपवतो. बोर्डावर घराण्याचं नाव असलं की विचारायला माणूस आहे असं वाटतं. त्या बाजारात मराठी आडनाव वेगळंही उठून दिसेल.

पण प्रत्येक मराठी आडनाव इंदूरला चालत नाही. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक हिंदी बोलणारं. 'ळ' असलेलं नाव तिथे अडतं. काळे असतं तर ते 'काले' झालं असतं, आणि मग हसण्याची भीती खरी ठरली असती. लेलेंत तसं काही नाही. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, आणि हिंदी माणूस ते आपल्यासारखंच उच्चारतो. 'ले ले' असं ऐकू येतं हा तर फायदा आहे, एकदा ऐकलं की विसरत नाही. कोणीतरी कोणाला सांगेल, "भिया, लेले के यहाँ दिखा लो", आणि समोरचा पत्ता न विचारता निघेल. फक्त बोर्डावर दोन अक्षरांत फट ठेवू नका आणि त्या शब्दावर कोटी करणारी ओळ खाली लिहू नका. कोटी केली की ते आडनाव राहत नाही, फेरीवाल्याची आरोळी होते.

तरी पाच जणांवर परीक्षा घ्या. भर रस्त्यावरून फोन करून नाव एकदाच सांगा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा. पाचही जणांनी Lele पाठवलं तर नकाशात दुकान सापडेल. 'केअर'ला कोणी Care लिहितो कोणी Kare, 'झोन'चं तसंच. पूर्ण नाव 'लेले मोबाइल' एवढंच ठेवा. रिपेअरिंग हा शब्द खालच्या ओळीत.

गुगल मॅप्सवरही तेच दोन शब्द. 'लेले मोबाइल बेस्ट आयफोन रिपेअर जेल रोड' असं नावात कोंबलं तर ते गुगलच्या नियमाविरुद्ध आहे, प्रोफाइल बंद होऊ शकते. दुरुस्तीचं दुकान आहे हे सांगायला तिथे कॅटेगरीची वेगळी जागा असते. आणि दुकानाच्या नावात कुठल्याही कंपनीचं नाव किंवा चिन्ह घालू नका, तो ट्रेडमार्कचा भंग ठरतो. 'इथे आयफोन दुरुस्त होतात' अशी साधी ओळ खाली चालते, कंपनीचा लोगो नाही.

आता बोर्ड, इथे सगळ्यात जास्त चूक होते. दुकान उघडायच्या आधीच एखाद्या मोबाइल कंपनीचा माणूस येईल आणि फुकट ग्लो साइन बोर्ड लावून देतो म्हणेल. पैसे वाचतात म्हणून भाऊ हो म्हणेल. त्या बोर्डावर कंपनीचं नाव दोन फुटांचं आणि तुमचं खालच्या पट्टीत चार बोटांचं असतं. सगळा बाजार एकसारखा दिसतो त्याचं मोठं कारण हेच. त्यांचा बोर्ड आत काउंटरच्या मागे लावू द्या. दर्शनी पट्टी स्वतःच्या पैशाने करा.

अक्षरांचं ढोबळ गणित असं: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंची लागते. साठ फुटांवरून, चालत्या स्कूटीवरून वाचायचं तर सहा इंच. पण देवनागरीत मात्रेलाही जागा लागते, म्हणून शिरोरेषेपासून खालची उंची मोजा, मात्रेसकट नाही. दहा फूट रुंद, अडीच फूट उंच पट्टीत 'लेले' पंधरा इंचांचं सहज बसतं, शेजारी 'मोबाइल' त्याच्या निम्म्या उंचीचं. डिस्प्ले, बॅटरी, कव्हर ही यादी तीन इंचांत खाली, तीही तीन-चार शब्दांपुरतीच.

आणखी एक. बाजारात चालणारा माणूस दुकानाकडे तोंड करून चालत नाही, तो दुकानांच्या रांगेच्या कडेने चालतो. समोरचा बोर्ड त्याला दिसतच नाही. म्हणून भिंतीपासून बाहेर आलेला, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा दोन बाय दोनचा छोटा बोर्ड करा आणि त्यावर फक्त 'लेले'. लावण्याआधी नगर निगममध्ये परवानगीचं विचारून घ्या.

कागदपत्रांत गुमाश्ता, जीएसटीतलं ट्रेड नेम, चालू खातं आणि क्यूआर कोड, सगळीकडे अक्षर न अक्षर एकच नाव. क्यूआर स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला वहिनींचं किंवा बाबांचं नाव दिसलं तर पैसे पाठवताना तो थांबतो आणि विचारतो. जीएसटी घेतला असेल तर दारावरच्या पाटीवर तो नंबर लिहावा लागतो, त्याची जागा आत्ताच सोडा.

आडनावाची एक मर्यादा मात्र आहे. उद्या दुसऱ्या लेल्यांनी प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने दुकान काढलं तर कायदा त्यांना सहसा अडवत नाही. म्हणून नाव ठरवण्याआधी ipindia.gov.in वर ट्रेडमार्क शोधून पाहा. धंदा बसला की विशिष्ट अक्षरांत लिहिलेल्या 'लेले मोबाइल'साठी अर्ज करा. दुरुस्ती ३७व्या वर्गात येते, दुकानदारी ३५व्या. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. सुरुवातीला एकच वर्ग परवडत असेल तर ३७ घ्या, कारण तुमची ओळख दुरुस्तीवरच बनणार आहे.

बाबांचं मनही राखता येईल. देवाचं नाव बिलाच्या माथ्यावर छापा आणि तसबीर गल्ल्यावर लावा. पेंटरकडून अक्षरांचा नमुना आला की इथे टाका, छापण्याआधी एकदा बघतो.